पहाटे तीन ते पाचमध्ये शॉर्ट पीस का सुटतात

प्रश्न: दादा, जळगावला एमआयडीसीत ठिबकच्या फिटिंगच्या मोल्डिंगला क्यूसीत लागलोय. नाइट रात्री ८ ते सकाळी ८. दर तासाला सॅम्पल बघायचं, वजन लिहायचं, बाकी वेळ बिनमधला माल चाळून बाद पीस काढायचे, रात्रभर तेच ते. बारापर्यंत एकदम ओके असतो, पण तीननंतर डोळे उघडे असून काही दिसतच नाही. सकाळवाले मीच पास केलेल्या मालातून शॉर्ट पीस काढून दाखवतात. चहा मारून मारून पोट बिघडलं. काही उपाय आहे का?

उत्तर:

भाऊ, चहाचं नंतर सांगतो, पहिले एक गोष्ट डोक्यात पक्की कर. तीननंतर तुला जे होतं ते सगळ्यांना होतं, मलाही होतं, आणि नाइटला जुना झालेला माणूसही त्यातून सुटत नाही. शरीराचं तापमान दिवसभर थोडं वर-खाली होत असतं आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास ते सगळ्यात खाली असतं, त्याच वेळी झोपेचा जोर सगळ्यात जास्त. आठवडाभर नाइट केली तरी हे घड्याळ पूर्ण उलटं होत नाही, कारण सकाळी घरी जाताना आपण ऊन अंगावर घेतो आणि सुट्टीच्या दिवशी परत रात्री झोपतो. त्यामुळे 'मन लावून बघ' असं सुपरवायझर म्हणतो त्याला काही अर्थ नाही. त्या दोन तासात मनावर कमी आणि कामाच्या पद्धतीवर जास्त भरवसा ठेवायचा.

आणि नुसती झोप हेच कारण नाही बरं का. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या हवाई दलाला प्रश्न पडला होता की रडारच्या पडद्याकडे बघत बसणारे चांगले हुशार लोक ठिपका का चुकवतात. नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने त्यावर प्रयोग केला, १९४८ मध्ये छापून आला तो. एक काटा टिक टिक करत फिरतो, मधेच कधीतरी एकदम दुप्पट उडी मारतो, ती उडी दिसली की बटण दाबायचं, असं दोन तास. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढायला लागल्या. म्हणजे जागा, ताजा माणूससुद्धा एकसारखं बघण्याच्या कामात अर्ध्या तासाच्या वर नीट टिकत नाही, आणि तू पहाटे साडेतीनला बिनसमोर सलग तासभर बसतो.

त्यात तिसरी भर म्हणजे बाद पीस क्वचित येतो. आई सुपात तूरडाळ निवडते तेव्हा पहिल्या दोन सुपात खडे सापडले तर तिसऱ्यात नजर कडक असते, आणि दहा सुपं स्वच्छ निघाली की अकराव्यातला खडा सरळ कुकरात जातो. डोळा बघतो पण डोक्याने उत्तर आधीच देऊन ठेवलेलं असतं, ओके, ओके, ओके. तुझी लाइन जितकी चांगली चालते तितका तुझ्याकडून बाद पीस सुटायचा चान्स जास्त, हे ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे.

आता तुझ्याच कामातलं उदाहरण घेऊ. १६ मिमीचा जॉइनर, ८ कॅव्हिटीचा मोल्ड, सायकल टाइम २० सेकंद. म्हणजे तासाला १८० शॉट आणि १४४० पीस. समज रात्री २ वाजता तू सॅम्पल घेतलं, सगळं ओके. त्यानंतर थोड्याच वेळात ६ नंबरच्या कॅव्हिटीचं व्हेंट घाणीने भरलं, हवा आत अडकायला लागली आणि त्या कॅव्हिटीच्या बार्बची शेवटची कडा भरायची बंद झाली. मशीन काही बोलत नाही, सायकल तशीच चालू, बाकीचे सात पीस एक नंबर. बिनमध्ये दर आठ पीसमागे एक शॉर्ट पडतोय. हा पीस शेतात गेला की लॅटरल त्यावर घट्ट बसत नाही, प्रेशर आलं की सटकते, आणि रावेरकडच्या केळीवाल्याच्या बागेत सकाळी पाण्याचं डबकं.

तू तीनला वजन घेतो. एक पीस ४ ग्रॅमचा धर, आठ पीसचे ३२ ग्रॅम. शॉर्ट पीसमध्ये किती कमी झालं? कडेचा बारीक तुकडा, जेमतेम ०.१ ग्रॅम. आणि चांगल्या शॉटचं वजनही ३१.८ ते ३२.२ असं हलतच असतं. तुझ्या काट्यावर ३१.९ आलं, तू लिहिलं, टिक मारली. तू काही चूक केली नाही पण दोष पकडला गेला नाही, कारण पूर्ण शॉटच्या वजनात एका कॅव्हिटीचा शॉर्ट लपून जातो. वजनाने मशीनचं कळतं, कॅव्हिटीचं कळायला पीस एकेक बघावा लागतो. दिवसा तुझी नजर हे काम आपोआप करते, म्हणून वजनाच्या पद्धतीतलं भोक कधी लक्षात येत नाही. पहाटे नजर गेली की सगळा भार वजनावर, आणि वजन तर हे सांगूच शकत नाही.

म्हणून तीन ते पाचमध्ये सॅम्पल बिनमधून उचलायचंच नाही. ऑपरेटरला सांगून एक पूर्ण शॉट सरळ घ्यायचा, रनरसकट मिळाला तर बेस्ट, आणि टेबलावर कॅव्हिटी नंबरप्रमाणे १ ते ८ एका रांगेत मांडायचा. पीसवर नंबर उठलेला असतो, नसेल तर टूलरूमच्या मागे लागून टाकून घे. बाजूला पास केलेला लिमिट सॅम्पल ठेव, वर ट्यूबलाइट, आणि मग एकेक पीस हातात घेऊन बार्बच्या कडेवरून नख फिरव. नखाला भरलेली कडा आणि न भरलेली कडा अंधारातसुद्धा कळते. डोळा झोपेला आला तरी बोट तितकं झोपत नाही, निदान एकाच गोष्टीकडे बघत राहण्याचा कंटाळा तरी मोडतो. आणि तोंडाने बोलायचं, मोठ्याने, 'एक भरला, दोन भरला, तीन भरला'. हसू नको. भुसावळला रेल्वेत कोणी ओळखीचा असेल तर विचार, लोको पायलट आणि असिस्टंट दोघं प्रत्येक सिग्नल आला की हात दाखवून मोठ्याने बोलतात आणि एकमेकाला रिपीट करतात, वर्षानुवर्षं तोच रूट असला तरी. बोललं की डोक्याला प्रत्येक पीसमागे एकदा तरी निर्णय घ्यावाच लागतो, 'ओके ओके'ची रांग तुटते.

आता समज ३:४० ला तुला सहा नंबर शॉर्ट सापडला. इथून पुढे पोरं जास्त गडबडतात. पहिलं काम, पुढचा एक शॉट घेऊन बघ. परत फक्त सहाच शॉर्ट असेल तर दोष मोल्डमध्ये त्या जागी आहे, गेट चोकअप किंवा व्हेंट, मशीनचं प्रेशर वाढवून तो जाणार नाही, उलट बाकीच्या सात पीसला फ्लॅश येईल. कधी दोन नंबर, कधी सात, कधी सगळेच शॉर्ट येत असतील तर मोल्डकडे बघू नको, हॉपरकडे बघ. पहाटे हे हमखास होतं, कारण झोप फक्त क्यूसीलाच येत नाही ना, मटेरियल भरणारा पोऱ्याही पोत्यावर टेकतो आणि हॉपर तळाला जातं. असाच एक धरणगावकडचा पोऱ्या होता आमच्याकडे, उठवला की म्हणायचा, 'डोया लागी ग्या भो'. त्याला शिव्या घालून उपयोग नाही, हॉपरला लो-लेव्हलचा भोंगा लावला की प्रश्न संपतो. नोझलचा हीटर बँड गेला असेल तरी सगळ्या कॅव्हिटीत गडबड दिसते, तेव्हा टेम्परेचर कंट्रोलरकडे नजर टाक.

दुसरं काम हिशोब. पीस बघून ओके केलेला शेवटचा शॉट २ वाजताचा आहे, तीनला नुसतं वजन झालं होतं ते धरायचं नाही, म्हणजे २ ते ३:४०, शंभर मिनिटं, ३०० शॉट, २४०० पीस. हे सगळे होल्ड. 'मला वाटतं आत्ताच सुरू झालं असेल' असं म्हणून शेवटचा एक क्रेट बाजूला करायचा आणि बाकी सोडायचा, हे करू नको, होल्ड कायम पीस बघून लिहिलेल्या शेवटच्या ओके चेकपासून. या २४०० मध्ये बाद जास्तीत जास्त ३००, आणि त्या सगळ्यांवर ६ नंबर आहे, म्हणजे शोधायचा दोष नाही तर नंबर, काम सोपं आहे. पण तरीही ते पहाटे चारला करायचं नाही. लाल टॅग लाव, वेळ लिही, क्रेट जाळीच्या पलीकडे ठेव. ज्या वेळेत डोळ्याने चुकवलं त्याच वेळेत त्याच डोळ्याने २४०० पीस परत चाळायचे आणि त्यावर पास शिक्का मारायचा, हा काय प्रकार आहे? सकाळी ताजा माणूस अर्ध्या-पाऊण तासात करून टाकेल. गाडी पाचला लोड होणार आहे म्हणून डिस्पॅचवाला डोक्यावर बसेल, तेव्हा शिफ्ट इनचार्जला फोन लावून सही त्याची घे. बहुतेक वेळा सहीचं नाव काढलं की गाडी आठपर्यंत थांबते असा माझा अनुभव आहे.

नोंदवहीचं बोलू, कारण झोप कुठे लागली ते नोंदवहीत आधी दिसतं, मालात नंतर. मी कुठल्याही प्लांटला गेलो की रात्री ३ ते ५ चे रकाने पहिले बघतो. २ ला ३१.९, ३ ला ३१.९, ४ ला ३१.९, ५ ला ३१.९, एकाच पेनाने, एकाच तिरकेपणाने. खरं वजन असं कधीच येत नाही, दशांशात हलतंच. दरवेळी पोरगा खोटारडा असतो असंही नाही, काटा बघतो, पण वरचा आकडा नजरेत बसलेला असतो आणि हात तोच लिहून मोकळा होतो. यावर इलाज फुकटचा आहे, पुठ्ठ्याचा एक तुकडा घे आणि वरच्या ओळी झाकून लिही. आकडा आधी मोठ्याने वाच, मग लिही, मगच पुठ्ठा काढून वरच्याशी ताडून बघ. आणि पुढच्या तासाची वेळ आधी लिहून ठेवायची सवय असेल तर ती सोड, वेळ घड्याळात बघून त्याच क्षणी लिहायची, ३:०० नाही, ३:०७ असेल तर ३:०७.

बिन चाळायचं काम सलग करू नको. वीस मिनिटं चाळणी, मग पॅकिंगवाल्याशी अदलाबदल, तो चाळेल, तू पिशव्या सील कर, वीस मिनिटांनी परत. एकटाच असशील तर चाळणी, मग फ्लोअरचा राउंड, मग गेज, असं फिरव, पण चाळणीला वीस-पंचवीस मिनिटांच्या वर बसायचंच नाही. वाट्टेल ते काम पहाटेला ठेवायचं नाही हेही तितकंच महत्त्वाचं. मोल्ड बदलला आणि पहिला पीस अप्रूव्ह करायचा आहे, नवीन मास्टरबॅचचा शेड मिळवायचा आहे, असली अंदाजाची कामं शक्य असेल तर दोनच्या आधी उरक, नाहीतर दुसऱ्याची नजर आणि दुसरी सही घे. तीन ते पाचला गो-नो गो गेजसारखी कामं ठेव, जिथे बसलं किंवा नाही बसलं एवढाच प्रश्न असतो.

एक गोष्ट इनचार्जला पटवता आली तर बघ. मध्यरात्रीनंतर त्याने मोजून पाच बाद पीस, आतल्या बाजूला मार्करने खूण केलेले, बिनमध्ये टाकायचे, चाळणाऱ्याला न सांगता. तासाभराने किती परत आले ते मोजायचं. याने दोन कामं होतात, एक तर बाद पीस अधूनमधून सापडत राहिला की नजर कडक राहते, आणि दुसरं म्हणजे त्या रात्री चाळणीवर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. पाचातले तीनच आले तर त्या तासाचा माल परत चाळायला टाकायचा, सोपं. पण दोन अटी. टाकलेले पाचच्या पाच परत मिळेपर्यंत तो बिन पॅकिंगला जाता कामा नये, नाहीतर आपणच पेरलेला बाद माल गिऱ्हाइकाच्या पिशवीत. आणि यावरून कोणाचा पगार कापायचा नाही. एकदा का कापाकापी झाली की पोरं खुणेचे पीस शोधायला लागतात, दोष शोधायचे सोडून.

आता तुझा चहा. चहा-कॉफीतलं कॅफिन चढायला वीस-तीस मिनिटं घेतं आणि अर्धं उतरायला साधारण पाच तास. म्हणजे झोप आल्यावर घेतलेला चहा उशिरा पोचतो, आणि पहाटे पाचचा चहा सकाळी दहाला अर्धा अंगात असतो, मग आठला सुटून घरी गेल्यावर झोप कशी लागेल, आणि ती नाही लागली की पुढची रात्र आणखी खराब. मी पोरांना सांगतो, आल्यावर एक, बाराच्या आसपास एक, शेवटचा दोन-सव्वादोनला, त्यानंतर पाणी. आणि तो शेवटचा चहा घेतला की लगेच ब्रेकमध्ये पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटून पडायचं, मोबाइलचा अलार्म लावून, जोडीदाराला सांगून. उठतोस तेव्हा चहा चढलेला असतो. अर्ध्या तासाच्या वर गेलास तर खोल झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड होतं, त्यामुळे वीसच्या वर नाही. उठल्यावरही पहिली दहा-पंधरा मिनिटं गेज हातात घ्यायचं नाही, तोंड धू, एक राउंड मार, मग कामाला लाग. तुमच्या कंपनीत झोपल्यावर मेमो देत असतील तर इनचार्जशी आधीच बोल, ब्रेक तुझा हक्काचा आहे, पण लपून मशीनच्या मागे झोपणं नको, तिथे हात कुठे जाईल सांगता येत नाही.

डब्याचं एवढंच की मुख्य जेवण बाराच्या आत आणि निम्मं. घरच्यांनी प्रेमाने वरण-बट्टी तुपात बुडवून दिली असेल तर ती सुट्टीच्या दिवशी हाण, नाइटला भाकरी, भरीत, एखादी केळी असं बघ. तीनला भूक लागली तर फुटाणे-शेंगदाणे चघळत राहा. शेवभाजीचा तवंग नाइटला नकोच, पोट तुझं आधीच बिघडलंय.

दिवसाच्या झोपेत आपल्याकडे खरी मारामारी उन्हाळ्यात असते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला ४४-४५ डिग्री, पत्र्याची खोली, त्यात लाइट गेली की कूलर बंद. बारानंतर झोप लागणारच नाही हे धरून चालायचं आणि सुटल्या सुटल्या, नऊच्या आत आडवं व्हायचं, आंघोळ-नाश्ता पटकन, मोबाइल नाही. जाताना डोळ्यावर काळा गॉगल लाव, सकाळचं ऊन डोळ्यात गेलं की शरीराला दिवस उगवल्याचा सिग्नल जातो. खिडकीला जाड गोधडी. तरी चार-साडेचार तासच मिळाले तर संध्याकाळी पाच-सहाला परत तास-दीड तास पड, दोन तुकड्यांत झोप झाली तरी चालते. नाइटच्या पहिल्या दिवशी तर हे करच, कारण सकाळी सातला उठून तसाच रात्री कामावर आलास तर पहाटे चारला तुला जागून एकवीस तास झालेले असतात. सतरा-अठरा तास जागलेल्या माणसाचे हात आणि लक्ष थोडी घेतलेल्या माणसासारखे चालतात हे मोजून बघितलेलं आहे, मग एकवीसला काय होत असेल.

यातलं सगळं करूनही पहाटे थोडं सुटणारच, म्हणून दर तासाचा एक पूर्ण शॉट, आठही पीस, छोट्या पिशवीत घालून वेळ लिहून ठेव. सकाळवाल्याला सांग, चहा घ्यायच्या आधी ३, ४ आणि ५ च्या पिशव्या बघ. एखादी कॅव्हिटी सुटली असेल तर कोणत्या तासाला सुरू झाली ते पिशवीवरून कळतं आणि तेवढाच माल थांबवता येतो, अख्खी रात्र चाळावी लागत नाही.

आणि गाडीवर जात असशील, नशिराबाद-भुसावळकडे हायवेने, तर सुटल्यावर पंधरा मिनिटं कॅन्टीनच्या बाकावर डुलकी काढून मग किक मार, डोळे जड वाटत असतील तर बसने जा. तुझ्या मोल्डला कॅव्हिटी किती आहेत आणि पीसवर नंबर वाचता येतात का ते कळव, नसतील तर टूलरूमला काय सांगायचं ते लिहितो.